औषधाच्या बाटलीवरचं मराठी-हिंदी वाचून नकली माल कसा ओळखायचा (नवीन शेती करणाऱ्यांसाठी)

आधी सांगून टाकतो की मी कृषी पदवीधर वगैरे नाही. आठ वर्षं अकोल्यात डीटीपी केलं, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मसाल्याची पाकिटं, लेबलं, सगळं. आता गावी सोयाबीन, तूर आणि थोडा कापूस. त्यामुळे फवारणीच्या औषधाची बाटली हातात आली की माझं लक्ष आधी अक्षरांवर जातं आणि औषधावर नंतर. त्या सवयीने दोनदा नकली माल पकडला गेला म्हणून हे लिहितोय, जे शहरातून परत येऊन नव्याने शेती बघतायत त्यांच्यासाठी खास. घरातल्या जुन्या माणसांना झाकण फिरवूनच शंका येते, आपल्याला ते जमत नाही, पण वाचता तर येतं ना.

फवारणीचंच उदाहरण घेतोय कारण इथे मजकूर हा नुसता शोभेचा नसतो. बिस्किटाच्या पुड्यावर मराठी असलीच पाहिजे असं नाही, हिंदी किंवा इंग्रजी चालते. कीटकनाशकाचं तसं नाही. कीटकनाशक नियम १९७१ चे आहेत, त्यानुसार लेबल आणि सोबतचं माहितीपत्रक हिंदीत, इंग्रजीत आणि जिथे माल विकला जाणार तिथल्या एक-दोन भाषांत छापायचं असतं. म्हणजे आपल्याकडे विकायचं तर नकली बनवणाऱ्यालाही कुठेतरी मराठी छापावी लागते आणि तो नेमका तिथेच घसरतो, कारण इंग्रजी तो जशीच्या तशी टाईप करू शकतो, मराठी त्याला बऱ्याचदा येतच नाही.

आधी हे डोक्यात ठेवा: चूक दिसली म्हणजे नकली असं नाही

हे सगळ्यात आधी सांगतोय कारण नवीन माणूस एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की लगेच दुकानदाराशी भांडायला जातो. ओरिजिनल कंपन्यांचं मराठीही कधी कधी भयानक असतं. मुंबई-दिल्लीत बसून कोणीतरी हिंदीवरून मराठी केलेलं असतं, "सुकी आणि थंड जागेत ठेवा" असली वाक्यं मी अगदी खऱ्या मालावर वाचलीयेत. "कीटकनाशक"चं "किटकनाशक" तर इतकं रुळलंय की दुकानाच्या पाटीवरही तेच असतं, त्याला चूक धरूच नका. औषधांच्या शास्त्रीय नावांचंही तसंच, क्लोरँट्रानिलीप्रोल हे देवनागरीत चार जण चार प्रकारे लिहितात, त्यावरून काही ठरवता येत नाही, तिथे इंग्रजी स्पेलिंगच एकेक अक्षर लावून बघायचं.

आणि "ल", "श" ही अक्षरं मराठी वळणाची आहेत की हिंदी वळणाची, यावरूनही निष्कर्ष काढू नका, मोठ्या कंपन्या सर्रास हिंदी वळणाचे फॉन्ट वापरतात. मात्र एकाच परिच्छेदात एका ओळीत मराठी "ल" आणि पुढच्या ओळीत हिंदी "ल" असेल तर थांबा, तिथे कोणीतरी ठिगळ लावलंय.

म्हणजे चूक आहे का, एवढंच विचारून भागत नाही. ती चूक कुठल्या प्रकारची आहे आणि कुठे आहे ते बघायचं. खाली तेच आहे.

पायरी १: नाव मोठ्याने वाचा, अक्षरावर बोट ठेवून

डोळा नाव वाचत नाही, नावाचा आकार बघतो आणि रंग बघतो. म्हणून नकली माल बहुतेक वेळा एका अक्षराच्या फरकाने येतो. इंग्रजीत हे लोकांना आता कळायला लागलंय पण देवनागरीत आपण गाफील असतो आणि आपल्या लिपीत सारखी दिसणारी अक्षरं भरपूर आहेत: घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, ष आणि प, थ आणि य. समजा औषधाचं नाव "मेघराज" आहे (हे नाव मी मनाने बनवलंय), तर नकलीवर "मेधराज" असेल, ठळक तिरक्या अक्षरात, हिरव्या पट्ट्यावर. दुकानात उभं राहून, घाईत, वरतून पाऊस यायच्या आत फवारणी उरकायची असताना कोणाला दिसणार आहे ते.

यात दोन प्रकार असतात हे लक्षात घ्या. एक म्हणजे हुबेहूब नक्कल, म्हणजे नावही तेच, लेबलही तेच. दुसरा म्हणजे मिळतंजुळतं नाव, इथे बनवणारा मुद्दाम एक अक्षर बदलतो म्हणजे उद्या पकडला गेला तर म्हणता येतं की माझा ब्रँड वेगळा आहे. दुसऱ्या प्रकारात मराठी अगदी शुद्धसुद्धा असू शकते, म्हणून अक्षरावर बोट ठेवून मोठ्याने वाचा. वेडं दिसतं, पण करा. आणि समोरचं नाव बाटलीच्या चारी बाजूंना, खोक्यावर आणि पत्रकावर सारखंच आहे का तेही बघा. समोर "मेधराज" आणि मागे बारीक अक्षरात "मेघराज" असंही होतं, कारण मागचा मजकूर खऱ्या लेबलवरून उचललेला असतो आणि बदलायचा राहून जातो.

पायरी २: तुटलेली अक्षरं शोधा (हा माझा आवडता भाग)

थोडं धंद्यातलं सांगतो. देवनागरी टाईप करायच्या दोन पद्धती. जुने फॉन्ट, कृतीदेव, श्रीलिपी असले, ज्यात अक्षराचे तुकडे जोडून शब्द बनतो. आणि आत्ताचं युनिकोड, जे मोबाईलवर आपण टाईप करतो. नकली लेबल बनवणारा काय करतो, कंपनीच्या साईटवरून पत्रकाची पीडीएफ उतरवतो, त्यातला मराठी मजकूर कॉपी करतो आणि आपल्या डिझाइनच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट करतो. इथे भाषेची वाट लागते, आणि ज्याला मराठी येत नाही त्याला ती लागलेली दिसतच नाही, त्याच्यासाठी ती नुसती वरती रेघ असलेली नक्षी.

त्यातून होणाऱ्या चुका अशा दिसतात, आणि हाताने टाईप करताना त्या सहसा होत नाहीत:

ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी सुटी पडते. "किंमत"चं "िकंमत" होतं, "पॅकिंग"चं "पॅिकंग". कधी त्या वेलांटीखाली ठिपक्याठिपक्यांचं एक गोल छापलेलं दिसतं. ते गोल म्हणजे कॉम्प्युटर सांगतोय की या वेलांटीला अक्षर सापडलं नाही. "परिस्थिती" मधल्या जोडाक्षरात तर हमखास गडबड होते, "परिस्िथती" असं.

रफार एक घर पुढे सरकतो. "मार्गदर्शन"चं "मागर्दशर्न", "निर्माता"चं "िनमार्ता". हे तुम्ही एकदा बघितलं की परत कधी विसरणार नाही, सरकारी पीडीएफ कॉपी केल्यावर आपल्या मोबाईलवरही हेच दिसतं.

जोडाक्षरं फुटतात. "प्रति लिटर" मध्ये प खाली हलन्त दिसतो आणि र वेगळा उभा राहतो. जुन्या सॉफ्टवेअरला भारतीय लिप्यांची जुळणी येत नाही म्हणून हे होतं.

आता हे खऱ्या लेबलवर होऊच शकत नाही का? होऊ शकतं, पण फार क्वचित, कारण कंपनीचं लेबल छपाईला जायच्या आधी चार जणांच्या नजरेखालून जातं आणि अर्ध्या लेबलवर रफार उड्या मारत असतील तर कोणीतरी बघतंच. व्याकरणाची चूक प्रूफमधून सुटते, फुटलेलं अक्षर शक्यतो सुटत नाही. म्हणून मी याला सगळ्यात जास्त वजन देतो.

पायरी ३: "शेतकऱ्यांनी" आणि "अळी" हे दोन शब्द शोधा

अळीच्या औषधाच्या बहुतेक पत्रकांत हे दोन असतात. "शेतकऱ्यांनी" मधला तो अर्धा र, कोयत्यासारखा, तो मराठीला लागतो, हिंदीला लागत नाही. ज्याने हिंदी की-बोर्डवर टाईप केलंय त्याच्याकडून "शेतकर्यांनी" असं रफारवालं होतं. तसंच ळ. हिंदी टाईपिस्टला तो सवयीने सापडत नाही मग तो ल टाकतो, आणि कीटकनाशकाच्या पत्रकात ळ जागोजागी येतो: अळी, बोंडअळी, उंटअळी, डोळ्यांत गेल्यास, गिळल्यास, वेळ, काळजी. "डोल्यात गेल्यास", "बोंडअली", "गिलल्यास" असं लागोपाठ दिसलं तर तो मजकूर मराठी माणसाने ना लिहिला ना वाचला.

पण एकट्या "शेतकर्यांनी"वर फासावर चढवू नका, मोबाईलवर घाईत मीपण तसंच लिहितो. ळ जर सगळीकडून गायब असेल तर मात्र बोला.

हिंदी बाजूलाही असंच एक अक्षर आहे, ड़. "छिड़काव", "कीड़े", "कपड़े" यात ड खाली टिंब हवं. मराठी की-बोर्डवर टाईप करणारा ते टिंब विसरतो. म्हणजे हिंदीत टिंब नाही आणि मराठीत ळ नाही अशी दोन्हीकडून बोंब असेल तर तो कुठला माणूस आहे देव जाणे.

पायरी ४: वाक्याचा शेवट वाचा

सूचनांमध्ये शेवटचा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. "वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू नये." यातलं "नये" गेलं तर? मी बघितलंय. ओळ चौकटीत मावत नव्हती म्हणून ज्याने कोणी लेबल केलं त्याने शेवट कापला, आणि राहिलं "फवारणी करू". दुसऱ्या एका पाकिटावर "रिकामा डबा पुन्हा वापरावा" असं होतं, "वापरू नये"च्या जागी. खरी कंपनी वाक्य वाईट लिहील पण अर्थ उलटा होऊ देणार नाही, कारण उद्या कोणाला विषबाधा झाली तर ते लेबल कोर्टात जातं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली ते अजून विदर्भात कोणी विसरलेलं नाही.

तर पत्रक घ्या आणि फक्त वाक्यांचे शेवट वाचत जा. नये, करा, धुवा, न्या, ठेवा. अर्धवट तुटलेली वाक्यं, एकच वाक्य दोनदा, मध्येच दुसऱ्या भाषेत शिरलेलं वाक्य (मराठीच्या रकान्यात अचानक दोन ओळी गुजराती, हे पण पाहिलंय) यावर पेनाने खूण करा.

पायरी ५: काय नाही ते बघा

चुका शोधण्यापेक्षा हे अवघड आहे कारण नसलेली गोष्ट दिसत नाही. म्हणून ही यादी मोबाईलमध्ये टाकून ठेवा आणि एकेक टिक करा: बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, औषधाचं शास्त्रीय नाव आणि टक्केवारी, नोंदणी क्रमांक, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख, निव्वळ माप, एमआरपी, उतारा म्हणजे विषबाधा झाल्यावर डॉक्टरने काय द्यायचं ते, आणि तो रंगीत चौकोन.

चौकोन म्हणजे कोपऱ्यावर उभा केलेला, वर-खाली दोन त्रिकोण असलेला. खालच्या त्रिकोणाचा रंग औषध किती विषारी ते सांगतो, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. वरच्या त्रिकोणात लालसाठी कवटी आणि पॉयझन, पिवळ्यासाठी पॉयझन, निळ्यासाठी डेंजर, हिरव्यासाठी कॉशन. रंग आणि शब्द जुळत नसतील, म्हणजे हिरव्या त्रिकोणावर पॉयझन किंवा पिवळ्यावर कॉशन, तर पुढे काही वाचायचीच गरज नाही.

नोंदणी क्रमांक सीआयआर या इंग्रजी अक्षरांनी सुरू होतो. बऱ्याच क्रमांकांत औषधाचं शास्त्रीय नाव आणि एससी, एसएल असा प्रकारही लिहिलेला असतो, तो लेबलवरच्या नावाशी जुळवून बघा. क्रमांक एका औषधाचा आणि बाटली दुसऱ्याची असं निघालं तर विषयच संपला.

पत्त्यात पिनकोड बघा. सहा आकडे हवेत. महाराष्ट्राचा पिन ४० ते ४४ ने सुरू होतो आणि गुजरातचा ३६ ते ३९ ने, तेव्हा पत्ता गुजरातचा आणि पिन ४४ ने सुरू होणारा असेल तर कोणीतरी पत्ता शिवलाय. "एमआयडीसी, महाराष्ट्र" एवढ्यावर थांबलेला पत्ता, ना प्लॉट नंबर ना गाव, तो पण तसलाच.

इथे एक बाजूची गोष्ट. "१००% जैविक, सर्व प्रकारच्या अळीवर रामबाण" असं छापलेलं आणि नोंदणी क्रमांकच नसलेलं काहीतरी एजंट घरपोच आणून देतात. अळी मारतो म्हणून विकायचं तर जैविक असो की रासायनिक, नोंदणी लागते. निंबोळीच्या औषधालाही लागते. त्याची मराठी कितीही गोड असू दे.

पायरी ६: दोन कागद शेजारी ठेवा, एक केस सांगतो

मागच्या ऑगस्टमधली गोष्ट. शेजारच्या काकांनी सोयाबीनवर मारायला क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के एससीची ६० मिलीची बाटली आणली. गाडीवर फिरणाऱ्या एका माणसाकडून, बिल नाही, दुकानापेक्षा बरीच स्वस्त. माझ्याकडे तालुक्याच्या दुकानातून पक्क्या बिलावर घेतलेली त्याच कंपनीची, तेवढ्याच मापाची बाटली होती. दोन्ही ओट्यावर ठेवल्या.

समोरून काहीच फरक नाही. रंग, चित्र, हिरवा त्रिकोण, कॉशन, सगळं बरोबर. काका म्हणाले, "बघ, तुला उगाच शंका." मी म्हणलं, थांबा, पत्रक काढू.

माझ्या पत्रकात मराठीचा रकाना भरगच्च, त्यांच्यात तेवढ्याच जागेत अर्धा मजकूर आणि अक्षरं मोठी. पहिल्याच ओळीत "मागर्दशर्क सूचना". मग पिकांचा तक्ता. माझ्यात सोयाबीनपुढे हिरवी उंटअळी, खोडमाशी, चक्रीभुंगा आणि मात्रा हेक्टरी १५० मिली. त्यांच्यात "हिरवी उंटअली" आणि मात्रा "१५० मिली प्रति एकर". आता हिशोब करा, एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर, १५० भागिले अडीच म्हणजे ६०. म्हणूनच ६० मिलीची बाटली एका एकराला पुरते आणि दुकानदारही १० लिटर पाण्याला ३ मिली सांगतो, २०० लिटर पाण्यात बरोबर ६० होतात. एकरी १५० लिहिलं तर बाटलीचं मापच निरर्थक होतं. काका गप्प झाले, हे गणित त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं.

त्यानंतर उतारा. माझ्या पत्रकात लिहिलेलं की विशिष्ट उतारा नाही, लक्षणं बघून उपचार करावेत. त्यांच्या पत्रकात "ॲट्रोपिनचे इंजेक्शन द्यावे". आता ॲट्रोपिन हे मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस असल्या ऑर्गॅनोफॉस्फेट औषधांच्या विषबाधेवर देतात, या औषधाशी त्याचा संबंध नाही. म्हणजे तो परिच्छेद दुसऱ्याच औषधाच्या पत्रकातून उचललेला. ही चूक शुद्धलेखनाची नाही, पण नीट वाचल्याशिवाय सापडतही नाही, आणि दवाखान्यात डॉक्टरच्या हातात हेच पत्रक गेलं असतं.

शेवटी तारखा. खऱ्या बाटलीवर बॅच नंबर आणि तारीख नंतर मशीनने मारलेली असते, बारीक ठिपक्यांची, थोडी वाकडी, कधी लेबलच्या छापील ओळीवर चढलेली. काकांच्या बाटलीवर ती लेबलसोबतच छापलेली होती, त्याच शाईत, अगदी सरळ सुबक. म्हणजे त्या छपाईतल्या सगळ्या बाटल्यांवर एकच बॅच, एकच तारीख, हजार असोत की दहा हजार. (सुबक दिसलं की आपल्याला खरं वाटतं, इथे उलटं आहे.) खोक्यावरची मुदत बाटलीपेक्षा तीन महिन्यांनी पुढची होती ते तर मी नंतर बघितलं.

एकेक गोष्ट सुटी धरली तर प्रत्येकीला काहीतरी उत्तर देता आलं असतं. "मागर्दशर्क"ला छपाईची चूक म्हणता येतं, ळ ला दुर्लक्ष म्हणता येतं. पण मात्रा, उतारा आणि बॅच या तिन्ही ठिकाणी एकदम चूक, हे खऱ्या मालात होत नाही. मी असंच वजन लावतो, भाषेच्या चुकीने शंका घ्यायची आणि आकडे, उतारा, नोंदणी, बॅच यांनी ती पक्की करायची.

या पद्धतीने जे पकडता येत नाही

खऱ्या कंपनीची रिकामी बाटली गोळा करून त्यात पाणी-रंग किंवा दुसरंच काही भरून विकतात. त्यावरचं लेबल खरंच असतं, मजकूर शंभर टक्के बरोबर, तिथे माझी डीटीपी काही कामाची नाही. तिथे झाकणाची सील, आतला पन्नीचा थर, बाटलीच्या गळ्याला परत चिकटवल्याची खूण आणि पत्रक आहे की नाही हे बघायचं, कारण रिकाम्या बाटलीसोबत पत्रक सहसा परत येत नाही. लोक पत्रक झेरॉक्स करून टाकतात, ते कागदाच्या जाडीवरून आणि धूसर अक्षरांवरून कळतं. आणि म्हणून आपली रिकामी बाटली बांधावर फेकू नका, तीनदा धुऊन तळाला भोक पाडा, धुतलेलं पाणी पंपातच टाका.

आता कंपन्यांचे क्यूआर कोड असतात. स्कॅन केल्यावर त्याच बाटलीचा बॅच आणि तारीख दिसायला हवी. नुसती कंपनीची वेबसाईट उघडली तर त्याने काही सिद्ध होत नाही, वेबसाईटचा क्यूआर कोणीही बनवतो.

शंका पक्की झाली तर

बाटली उघडू नका. हे खरंच महत्त्वाचं आहे, उघडलेल्या बाटलीबद्दल समोरचा म्हणणार तुम्हीच काहीतरी मिसळलं. लेबलच्या सगळ्या बाजू, पत्रकाच्या दोन्ही बाजू, बॅच आणि तारीख यांचे जवळून फोटो काढा, उजेडात, आणि ज्या ओळीत चूक आहे त्या ओळीचा वेगळा. बिल असेल तर त्यावर बॅच नंबर लिहिलाय का बघा, पुढच्या वेळेपासून दुकानदाराला तो लिहायलाच लावा, तोंड वाकडं करतो पण लिहितो.

मग पंचायत समितीतले कृषी अधिकारी किंवा तालुका कृषी अधिकारी, यांच्याकडे लेखी द्या. कीटकनाशक निरीक्षकाला विक्रेत्याकडून रीतसर नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवायचा अधिकार आहे, आणि तो नमुनाच पुढे कामाचा असतो. कुठे जायचं समजत नसेल तर किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१, मराठीत बोलता येतं. ग्राहक म्हणून तक्रार करायची तर १९१५.

अर्जात "माल नकली आहे" असं लिहू नका, ते ठरवायचं काम आपलं नाही. लिहायचं असं: "सदर बाटलीच्या पत्रकात सोयाबीनसाठी मात्रा एकरी १५० मिली छापली आहे, त्याच कंपनीच्या दुसऱ्या बाटलीच्या पत्रकात हेक्टरी १५० मिली आहे, दोन्ही फोटो जोडले आहेत, तपासणी व्हावी." एवढंच. काकांचा अर्ज मी असाच टाईप करून दिला, त्यात "शेतकऱ्यांनी" दोनदा तपासून बघितलं. बाटली अजून त्यांच्या कोठीत वरच्या फळीवर आहे, सील न तोडलेली, आणि त्या वर्षी त्यांनी माझ्याच बाटलीतलं उरलेलं मारलं.